शिल्लक एक लाख, पण त्यातली आपली किती?
वार्षिक सभेत खजिनदाराने हिशेब कसा सांगावा

क्रीडा मंडळ, व्यायामशाळा, वाचनालय अशा नावांचे क्लब आपल्या मोहल्ल्यांत जागोजागी आहेत. व्यापारी आणि कारागीर मंडळी मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरून ते चालवतात. दिवसा दुकान किंवा कारखाना सांभाळणारा एखादा भाऊ त्याचा खजिनदार असतो. वर्षभर तो पावत्या फाडतो, भाडे भरतो, लाईट बिलाच्या रांगेत उभा राहतो. मग वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभा भरते आणि त्याला सर्वांसमोर उभे राहून हिशेब सांगावा लागतो.

बहुतेक ठिकाणी हे भाषण एकाच पद्धतीने होते. खजिनदार हातातला कागद वरून खालपर्यंत वाचतो. चहापाणी इतके, स्टेशनरी इतकी, किरकोळ इतके. पाचव्या आकड्यानंतर कोणी ऐकत नाही. शेवटी तो म्हणतो, "वर्षअखेर शिल्लक एक लाख रुपये." तेवढे मात्र सगळ्यांना ऐकू येते. "मंजूर, मंजूर" असा आवाज होतो आणि लगेच कोणीतरी उठून म्हणतो, "एवढी शिल्लक आहे तर या वर्षी टेबल टेनिसचे टेबल घेऊन टाका."

गडबड इथेच होते. खजिनदाराने खोटे काही सांगितलेले नसते. आकडा बरोबर असतो, पासबुकाशी जुळतो, ऑडिटरची सहीही असते. तरीही सभा चुकीचा निर्णय घेते, कारण शिल्लक किती हे तिला कळलेले असते आणि त्या शिलकीत क्लबचे स्वतःचे किती हे कळलेले नसते. हे दुसरे उत्तर देणे हेच खजिनदाराच्या भाषणाचे खरे काम आहे. ते कसे द्यावे हे एका नमुना हिशेबावरून पाहू.

एका वर्षाचा जमाखर्च

समजा, दीडशे सभासदांचा एक क्लब आहे. भाड्याचा हॉल, कॅरम, थोडी व्यायामाची साधने, वर्तमानपत्रे आणि वर्षातून एक क्रिकेट स्पर्धा. वर्गणी वर्षाला १,२०० रुपये. वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. त्याचे जमाखर्च पत्रक असे आहे.

जमा:
आरंभीची शिल्लक ६२,०००
सभासद वर्गणी १,९४,४००
स्पर्धेची प्रवेश फी व देणग्या ८५,०००
मुलांच्या अभ्यासिकेसाठी देणगी ६०,०००
नवीन सभासदांची अनामत १५,०००
बँकेचे व्याज २,६००
एकूण ४,१९,०००

खर्च:
हॉलचे भाडे ८८,०००
वीज २६,४००
झाडलोट व राखणीचा पगार ४८,०००
क्रिकेट स्पर्धा ९७,०००
व्यायामाची साधने व कॅरम बोर्ड ४०,०००
वर्तमानपत्रे, चहा, स्टेशनरी, ऑडिट फी १९,६००
अखेरची शिल्लक १,००,०००
एकूण ४,१९,०००

अखेरच्या एक लाखांपैकी ९६,५०० रुपये बँकेत आहेत आणि ३,५०० रुपये खजिनदाराच्या हाती रोख आहेत.

हा कागद पाहून कोणीही म्हणेल की क्लबचे वर्ष चांगले गेले. ६२,००० होते, त्याचे एक लाख झाले. ३८,००० रुपयांची वाढ. पण जमाखर्च पत्रक फक्त एवढेच सांगते की पैसा आत किती आला आणि बाहेर किती गेला. तो कोणाचा होता आणि कोणत्या वर्षाचा होता, हे त्यात दिसत नाही.

दुकानदाराला हे समजायला वेळ लागत नाही. शिंप्याच्या गल्ल्यात संध्याकाळी पाच हजार असतील आणि त्यातले तीन हजार ईदच्या कपड्यांचा बयाणा असेल, तर ते तीन हजार त्याची कमाई नाही. कपडा शिवून द्यायचा अजून बाकी आहे. सुतार गिऱ्हाइकाकडून सागवानासाठी आगाऊ रक्कम घेतो, ती त्याच्या खिशात असते पण लाकडाची असते. आपल्या धंद्यात हे भान प्रत्येकाला असते. क्लबच्या हिशेबात मात्र ते सुटते, कारण तिथे गल्ला सगळ्यांचा असतो.

एक लाखातून काय वजा करायचे

आता त्या एक लाख रुपयांत कोणाकोणाचे पैसे मिसळले आहेत ते पाहू. यासाठी खजिनदाराने जमेच्या बाजूच्या प्रत्येक रकमेला एकच प्रश्न विचारायचा. ही रक्कम परत करायची आहे का, पुढच्या वर्षाची आहे का, की एखाद्या ठरावीक कामासाठी दिलेली आहे? मग खर्चाच्या बाजूला जाऊन विचारायचे, या वर्षाचे कोणते देणे द्यायचे राहून गेले?

अभ्यासिकेची ६०,००० रुपयांची देणगी पहिली. दोन-तीन दात्यांनी ती मुलांच्या बाकांसाठी आणि पुस्तकांसाठी दिली आहे. काम अजून सुरू झालेले नाही, म्हणून पूर्ण रक्कम पडून आहे. ती क्लबच्या खात्यात आहे, पण क्लबला ती दुसऱ्या कशावर खर्च करता येत नाही. पावतीवर "अभ्यासिकेसाठी" असे लिहिले की त्या पैशाची वाट ठरली.

दुसरी रक्कम अनामतीची. या वर्षापासून नवीन सभासदाकडून १,००० रुपये परतीच्या बोलीवर घेण्याचे ठरले. पंधरा जण आले, १५,००० रुपये जमले. यातला कोणी उद्या गाव सोडून गेला तर त्याचे हजार रुपये परत द्यावे लागतील. हे उत्पन्न नाही, देणे आहे.

तिसरी रक्कम वर्गणीत लपलेली आहे. वर्गणीचे १,९४,४०० रुपये आले, पण दीडशे सभासदांची पूर्ण वर्गणी १,८०,०००च होते. जास्त कसे आले? पावती पुस्तक उघडले की उलगडा होतो. १३२ सभासदांनी या वर्षाची वर्गणी भरली, ते झाले १,५८,४००. दहा जणांनी मागच्या वर्षाची थकबाकी भरली, ते १२,०००. आणि वीस जणांनी मार्चमध्येच पुढच्या वर्षाची वर्गणी भरून टाकली, ते २४,०००. हे चोवीस हजार पुढच्या वर्षाच्या भाड्याला आणि विजेला लागणार आहेत. या वर्षाच्या शिलकीत ते मोजले तर पुढचे वर्ष तेवढे कोरडे जाईल.

चौथी गोष्ट राहिलेल्या देण्याची. हॉलचे भाडे महिना ८,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ९६,०००. पण पत्रकात ८८,०००च दिसतात, कारण मार्चचे भाडे एप्रिलमध्ये दिले गेले. ३१ मार्चला हे ८,००० रुपये क्लबच्या डोक्यावर होते.

आता बेरीज करा. ६०,०००, १५,०००, २४,००० आणि ८,०००. एकूण १,०७,००० रुपये. हाती आहेत एक लाख. म्हणजे क्लबची मोकळी शिल्लक शून्य तर नाहीच, उलट ७,००० रुपये कमी पडतात. ज्या पैशातून टेबल टेनिसचे टेबल घ्यायला सभा निघाली होती, तो पैसा मुलांच्या बाकांचा होता. टेबल आले असते, आणि सहा महिन्यांनी सुतार बाकांचा बयाणा मागायला आला असता तेव्हा खजिनदाराला तोंड लपवावे लागले असते.

मागच्या वर्षअखेरीच्या ६२,००० रुपयांत अशी कोणाची रक्कम नव्हती असे धरले, तर क्लब ६२,००० वरून उणे ७,००० वर आला आहे. वरवर ३८,००० वाढलेले दिसतात आणि प्रत्यक्षात ६९,००० घटले आहेत.

हे ६९,००० गेले कुठे?

सभासद हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. खजिनदाराने त्याचे उत्तर चार तुकड्यांत तयार ठेवावे.

व्यायामाची साधने आणि कॅरम बोर्ड यांवर ४०,००० गेले. हा पैसा उडालेला नाही. त्याचे सामान झाले आहे, ते हॉलमध्ये डोळ्यांना दिसते आणि काही वर्षे टिकेल. पण ते विकून भाडे भरता येत नाही, म्हणून मोकळ्या शिलकीतून ते गेले.

स्पर्धेला ८५,००० जमले आणि ९७,००० लागले. बारा हजारांचा खड्डा वर्गणीतून भरला गेला.

रोजचा खर्च हा तिसरा तुकडा. स्पर्धा बाजूला ठेवून भाडे, वीज, पगार आणि किरकोळ खर्च मोजला, मार्चच्या भाड्यासह, तर तो १,९०,००० होतो. सगळ्या दीडशे जणांनी वर्गणी भरली असती आणि व्याज धरले तरी येणे १,८२,६००च होते. म्हणजे एकही थकबाकीदार नसता तरी ७,४०० रुपये कमीच पडले असते. हिशेब सोपा आहे. एका सभासदामागे क्लबला वर्षाला सुमारे १,२६७ रुपये खर्च येतो आणि वर्गणी १,२०० आहे.

चौथा तुकडा थकबाकीचा. अठरा सभासदांचे २१,६०० रुपये या वर्षी आले नाहीत. मागच्या वर्षाचे १२,००० वसूल झाले, म्हणून निव्वळ फरक ९,६०० चा.

चाळीस हजार, बारा हजार, सात हजार चारशे आणि नऊ हजार सहाशे. बेरीज ६९,०००. पै न पै लागली. अशी बेरीज जुळेपर्यंत खजिनदाराने सभेत उभे राहू नये. जुळत नसेल तर कुठेतरी एखादी पावती दोनदा धरली आहे किंवा एखादे देणे विसरले आहे असे समजावे.

भाषण

एवढी तयारी झाली की भाषण लहान होते. जमाखर्च पत्रकाच्या प्रती सभेच्या सूचनेबरोबर वाटाव्यात किंवा हॉलच्या फळ्यावर आठ दिवस लावाव्यात, म्हणजे सभेत ओळ न् ओळ वाचायची गरज उरत नाही. बोलताना आकडे हजारांत गोल करून सांगितले तरी चालतात, कारण नेमके आकडे कागदावर असतात. वरच्या क्लबचा खजिनदार असे बोलू शकेल:

"सदर साहेब आणि सभासद भावांनो, अस्सलामु अलैकुम.

३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा हिशेब आपल्या हातात आहे. ऑडिट झाले आहे. मी सगळे आकडे वाचणार नाही, चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कागदावर शिल्लक एक लाख दिसते. कृपा करून तिला आपली शिल्लक समजू नका. त्यातले साठ हजार मुलांच्या अभ्यासिकेचे आहेत. पंधरा हजार नवीन सभासदांची अनामत आहे. चोवीस हजार पुढच्या वर्षाची आगाऊ वर्गणी आहे, आणि मार्चचे आठ हजार भाडे तेव्हा द्यायचे होते. हे सगळे वजा केले तर क्लब सात हजारांनी खाली आहे. मागच्या वर्षी याच दिवशी आपल्याकडे बासष्ट हजार मोकळे होते.

दुसरी गोष्ट, हा पैसा गेला कुठे. चाळीस हजारांची साधने घेतली, ती आपण रोज वापरतो. ती घेण्याचा ठराव मागच्या सभेत झाला होता. स्पर्धेत बारा हजार कमी पडले. थकबाकी जवळपास दहा हजारांनी वाढली. आणि राहिलेले सात हजार चारशे हे रोजच्या खर्चात कमी पडले.

तिसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. साधने दर वर्षी घ्यायची नाहीत, स्पर्धेचा खर्च आवरता येईल. पण आपल्यातल्या प्रत्येकाने वर्गणी भरली तरी रोजचा खर्च भागत नाही. एका सभासदामागे खर्च बाराशे सदुसष्ट आहे आणि वर्गणी बाराशे. हे असेच चालले तर दर वर्षी आपण थोडे थोडे दुसऱ्याच्या पैशावर जगू.

चौथी गोष्ट, समितीच्या वतीने आपल्यापुढे तीन सूचना आहेत. अठरा भावांची थकबाकी दोन महिन्यांत यावी. मी नावे वाचणार नाही, प्रत्येकाला भेटणार आहे. स्पर्धेचा खर्च सामने सुरू होण्याआधी जमलेल्या रकमेच्या आत ठेवावा. आणि येत्या १ एप्रिलपासून वर्गणी तेराशे करावी. अभ्यासिकेचे साठ हजार वेगळ्या खात्यात काढून ठेवले आहेत, त्याचे पासबुक इथे टेबलावर आहे.

हिशेबाच्या वह्या, पावती पुस्तके आणि व्हाउचर मी सोबत आणली आहेत. ज्यांना पाहायची आहेत त्यांनी सभेनंतर जरूर पाहावीत. आता प्रश्न विचारा."

भाषण एवढेच. सावकाश बोलले तरी चार-पाच मिनिटांत संपते. यात वाईट बातमी सुरुवातीलाच सांगितली आहे. ती शेवटी सांगितली किंवा प्रश्न आल्यावर सांगितली, तर खजिनदाराने लपवले होते असा संशय येतो, मग हिशेब कितीही चोख असो. थकबाकीदारांची नावे सभेत न वाचणेही मुद्दाम आहे. नाव वाचलेला माणूस पैसे भरण्याऐवजी भांडायला उठतो, आणि सभा हिशेबावरून घसरून त्याच्यावर येते.

नेहमी येणारे प्रश्न

काही प्रश्न जवळपास प्रत्येक सभेत येतात. त्यांची उत्तरे चिठ्ठीवर लिहून न्यावीत.

कोणीतरी पासबुक हातात घेऊन विचारतो, "यात ३१ मार्चला १,०२,५०० दिसतात, तुम्ही ९६,५०० सांगता. सहा हजार कुठे आहेत?" इथे नवखा खजिनदार गडबडतो. उत्तर साधे असते. स्पर्धेच्या मंडपवाल्याला २९ मार्चला ६,००० चा चेक दिला. आपल्या वहीत तो त्याच दिवशी खर्ची पडला, पण त्याने तो एप्रिलमध्ये बँकेत भरला. वही आणि पासबुक यांतला फरक अशा न वटलेल्या चेकांची यादी करून दाखवता येतो. या यादीला बँक जुळवणी म्हणतात. ती ऑडिटरकडे असतेच, तिची एक प्रत सोबत ठेवावी. फरक आहे आणि यादी नाही, तर मात्र सभासदांनी स्वस्थ बसू नये.

दुसरा प्रश्न थोडा जाणकार सभासद विचारतो. "ऑडिटरच्या उत्पन्न-खर्च पत्रकात तूट २३,४०० आहे आणि तुम्ही ६९,००० घटले म्हणता. खरे कोणते?" दोन्ही खरे आहेत. ऑडिटर वर्षाचे उत्पन्न आणि वर्षाचा खर्च मोजतो. त्याने न आलेली वर्गणीही येणे म्हणून धरली आहे. चाळीस हजारांचे सामान तो खर्च मानत नाही, कारण ते मालमत्तेत गेले. त्याने त्यावर फक्त दहा टक्के, म्हणजे ४,००० रुपये घसारा लावला आहे. स्पर्धेचे १२,०००, रोजच्या खर्चातले ७,४०० आणि घसाऱ्याचे ४,००० मिळून २३,४०० होतात. क्लब वर्षभरात कमावतो की गमावतो हे त्याचा आकडा सांगतो. आज खर्च करायला हाती काही आहे का, हे खजिनदाराचा आकडा सांगतो. सभेला निर्णय घ्यायचा असतो म्हणून तिला दुसरा आकडा आधी हवा.

तिसरा प्रश्न, "आज किती आहेत?" सभा जूनमध्ये किंवा ऑगस्टमध्ये भरते आणि हिशेब मार्चचा असतो. मधल्या काळात वर्गणी आलेली असते, भाडे गेलेले असते. खजिनदाराने सभेच्या आदल्या दिवशीची बँक शिल्लक आणि रोख एका चिठ्ठीवर लिहून न्यावी. मात्र ती सांगताना पुन्हा तेच भान ठेवावे. एप्रिल-मेमध्ये वर्गणी भरभरून येते, तेव्हा आकडा फुगलेला दिसतो आणि त्यातून अजून नऊ-दहा महिन्यांचे भाडे जायचे असते.

बँकेच्या व्याजाचा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. काही मंडळे ही रक्कम नेहमीच्या खर्चात वापरत नाहीत, वेगळी ठेवतात. तो सभासदांचा निर्णय आहे. पण ती हिशेबात दाखवायचीच नाही असे करता येत नाही. बँकेने खात्यात जमा केली म्हणजे ती जमेच्या बाजूला स्वतंत्र ओळीत आलीच पाहिजे. वेगळी ठेवण्याचा ठराव असेल तर अभ्यासिकेच्या रकमेसारखी तीही मोकळ्या शिलकीतून वजा करावी. वरच्या उदाहरणात असा ठराव नाही असे धरले आहे. असता तर सात हजारांची तूट ९,६०० झाली असती.

ऑडिट आणि सभेची मंजुरी

महाराष्ट्रात सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट १८६० खाली नोंदलेल्या आणि लोकोपयोगी काम करणाऱ्या संस्थांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही लागू होतो. पूर्वी तो मुंबईच्या नावाने ओळखला जाई. या कायद्याप्रमाणे हिशेब साधारणपणे ३१ मार्चला बंद करायचे आणि सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ऑडिट पुरे करायचे असते. ताळेबंद अनुसूची आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊच्या नमुन्यात असते. सभा कधी घ्यायची, सूचना किती दिवस आधी द्यायची, कोरम किती, हे आपापल्या नियमावलीत पाहावे.

ताळेबंद हाती आला की त्याची डावी बाजू वाचायला शिकावे. अभ्यासिका निधी, अनामत, आगाऊ वर्गणी, देणे भाडे या सगळ्या रकमा तिथे वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. खजिनदार जी वजाबाकी भाषणात करतो, तिचा कच्चा माल तिथेच असतो. या रकमा तिथे दिसत नसतील तर खजिनदाराने त्या ऑडिटरला सांगितल्याच नाहीत असा अर्थ होतो. साठ हजारांची देणगी सरळ "देणग्या" या नावाखाली उत्पन्नात पडली असेल, तर ऑडिट होण्याआधीच ती दुरुस्त करून घ्यावी. सही झाल्यावर ते काम अवघड होते.

सभेने "मंजूर" म्हटले म्हणजे काय झाले हेही स्पष्ट असावे. सभासदांनी हिशेब पाहिला आणि स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ. पुढे एखादे खोटे व्हाउचर निघाले तर त्या मंजुरीने ते खरे होत नाही. तसेच भाषण कितीही स्वच्छ असले तरी जी रक्कम घेऊनही हिशेबात धरली गेली नाही ती त्यात कधीच दिसणार नाही. ती पकडायची तर एकच साधा मार्ग आहे. सभासदाने आपली पावती सोबत आणावी आणि पावती पुस्तकातल्या स्थळप्रतीशी नंबर आणि रक्कम ताडून पाहावी. चार-पाच जणांनी एवढे केले तरी पुरते. पावती पुस्तकांचे नंबर सलग असावेत, मधले पुस्तक गहाळ नसावे.

शेवटी ठराव लिहिताना नुसते "हिशेब मंजूर" असे लिहू नये. वरच्या क्लबचा ठराव असा असावा: ३१ मार्चअखेरचे तपासलेले हिशेब स्वीकारण्यात आले, अखेरच्या शिलकीपैकी ६०,००० रुपये अभ्यासिका निधीचे असून ते अन्य कामासाठी वापरले जाणार नाहीत, येत्या १ एप्रिलपासून वार्षिक वर्गणी १,३०० रुपये राहील. वर्गणी चालू वर्षात मध्येच वाढवली नाही, कारण वीस जणांनी या वर्षाची आधीच भरली आहे आणि त्यांच्याकडून फरक मागायचा की नाही यावर दुसरा वाद उभा राहिला असता. वाढलेल्या शंभर रुपयांतून दीडशे सभासदांचे १५,००० येतील. त्यातून ७,४०० ची तूट भरून ७,६०० उरतील, आणि थकबाकी वसूल झाली तर पुढच्या मार्चअखेर क्लब पुन्हा स्वतःच्या पैशावर उभा असेल. मग टेबल टेनिसच्या टेबलाचा विषय पुढच्या सभेत खुशाल घ्यावा.